‘छाट’ कथेची नोंदवही

कथेसोबत आता काही संपादक एक ओळ मागतात: एआय जनरेटर वापरला असल्यास कशासाठी ते कळवा. ‘फक्त कल्पना सुचवून घ्यायला वापरला’ असं उत्तर लिहायला अर्धा मिनिट लागतो. ते खरं आहे हे दुसऱ्याला दाखवायला मात्र कथा लिहून झाल्यावर काहीच हातात उरत नाही. म्हणून निपाणीतल्या विडी कामगार बाईवरची ‘छाट’ ही कथा लिहायला घेतली तेव्हाच आम्ही नोंदवही उघडली. कथा अडीच हजार शब्दांची, जनरेटरची सत्रं दोन, विचारलेले प्रश्न पाच. एवढ्या छोट्या वापराचीही नोंद नीट ठेवायला काय काय करावं लागलं, ते इथे क्रमाने मांडतो.

सुरुवात जनरेटर उघडण्याच्या आधी होते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेकांकडून सुटते. आपल्याकडे मुळात काय होतं ते आधी कागदावर आलं नसेल, तर त्यात जनरेटरने किती भर घातली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. म्हणून पहिलं टिपण हाताने, वहीच्या दोन पानांवर लिहिलं. त्यात इतकंच होतं: बाई घरी विड्या वळते. पानं, तंबाखू आणि दोरा ठेकेदार देतो. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. संध्याकाळी माल मोजताना ठेकेदाराचा माणूस काही विड्या बाजूला काढतो, त्या ‘छाट’, त्यांचे पैसे नाहीत. शेवट माहीत नाही. बाईच्या मुलीने त्या दिवशी मदत केली आहे, एवढंच ठरलेलं. या दोन पानांचे फोटो काढून त्याच संध्याकाळी आमच्यातल्या दुसऱ्या वाचकाला मेलने पाठवले. मेलवरची तारीख आपल्याला मागाहून बदलता येत नाही. फाईलवर दिसणारी तारीख मात्र फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली की बदलू शकते, त्यामुळे पुरावा म्हणून तिच्यावर विसंबत नाही.

मग सीमा आखली. ‘फक्त विचारमंथन’ हा शब्द इतका ढिला आहे की त्यात काहीही बसतं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तो असा बांधून घेतला: जनरेटरकडून कारणं, प्रश्न आणि पर्याय घ्यायचे, तेही सुटे मुद्दे म्हणून. त्याने लिहिलेलं वाक्य, संवाद, वर्णन, उपमा यांतलं काही कथेत जाणार नाही. शुद्धलेखन आणि भाषांतर त्याच्याकडून करून घ्यायचं नाही.

शेवटची अट आपल्या भागात विशेष जपावी लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कथेत कानडी येतंच. कुठे नोटीस, कुठे पावती, कुठे बसवरची पाटी. ‘छाट’मध्येही एक कानडी पावती आहे. तिचं मराठी जनरेटरकडून करून घेतलं असतं, तर त्याने तयार केलेली वाक्यं थेट कथेत आली असती आणि ‘फक्त विचारमंथन’ हे विधान तिथेच खोटं ठरलं असतं. ते भाषांतर शेजारच्या कानडी शिक्षिकेकडून करून घेतलं आणि तशी ओळ वहीत टाकली. शुद्धलेखनाचंही तेच. ‘एवढा परिच्छेद तपासून दे’ म्हटलं की ऱ्हस्वदीर्घाबरोबर वाक्यांची मोडणीही बदलून येते. दहा वेलांट्या दुरुस्त करून घेताना तीन वाक्यं त्याची झालेली असतात आणि ती वेगळी ओळखू येत नाहीत.

प्रश्न कसा विचारला यावर नोंदीची निम्मी सोय अवलंबून असते. पहिल्या सत्रातला पहिला प्रश्न जसाच्या तसा देतो:

“विडी कारखान्याच्या ठेकेदाराकडे माल मोजताना विड्या नाकारल्या जाण्याची 20 कारणं सांग. क्रमांक घाल. प्रत्येक मुद्दा जास्तीत जास्त आठ शब्दांचा. परिच्छेद, संवाद, नमुना लिहू नको.”

इथे क्रमांकाला फार महत्त्व आहे. क्रमांक असला की वहीत ‘प्रश्न 1, मुद्दा 7’ असं बोट ठेवून दाखवता येतं. आठ शब्दांची मर्यादा घातली की उत्तरात उचलण्यासारखं घडीव वाक्यच सहसा येत नाही. लांबलचक, रसाळ उत्तर मागून नंतर ‘आम्ही त्यातली फक्त कल्पना घेतली’ म्हणणं अवघड आहे, कारण चांगलं जमलेलं वाक्य एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही. खऱ्या बायकांची नावं, ठेकेदारांची नावं, गल्लीचं नाव यांतलं काहीही प्रश्नात घातलं नाही. ही वही उद्या संपादकाकडे जायची आहे, हे प्रश्न लिहितानाच लक्षात ठेवावं लागतं.

इतकं बजावूनही तिसऱ्या उत्तराच्या शेवटी जनरेटरने कथेच्या सुरुवातीचा चार ओळींचा परिच्छेद न मागता लिहून दिलाच. असं होतं तेव्हा तो परिच्छेद पुसून टाकावासा वाटतो. पुसायचा नाही. पुसला तर उत्तराची प्रत अपुरी राहते, आणि जपून ठेवलेल्या संभाषणाशी ती पुढे कुणी ताडून पाहिली तर लपवाछपवी केल्यासारखं दिसतं. आम्ही तो तसाच ठेवला आणि वहीत लिहिलं: ‘न मागता परिच्छेद आला. पहिल्या दोन ओळी वाचल्या, पुढचं वाचलं नाही. वापर नाही.’ दोन ओळी वाचल्या हेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

उत्तराची प्रत सत्र संपल्याबरोबर, खिडकी बंद करण्याआधी काढायची. तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारला तर उत्तर वेगळं येतं, त्यामुळे ‘लागलं तर परत विचारून दाखवू’ हा मार्ग बंद असतो. संभाषणाचा दुवा जपून ठेवणंही पुरेसं नाही. खातं बंद पडलं किंवा संभाषण पुसलं गेलं की दुव्याचा उपयोग संपतो. इतिहासात न राहणारं तात्पुरतं संभाषण तर अशा कामासाठी वापरूच नये. आम्ही पूर्ण उत्तर निवडून साध्या मजकुराच्या फाईलमध्ये चिकटवलं, वर प्रश्न आहे तसा ठेवला, सत्राची वेळ आणि पडद्यावर दिसणारं मॉडेलचं नाव लिहिलं. मॉडेल बदलत राहतात, म्हणून नुसतं ‘एआय वापरला’ एवढं लिहून भागत नाही.

आता वहीची ओळ. सुरुवातीला दहा रकाने आखले होते. दुसऱ्या दिवशीच त्यांतले चार रिकामे राहू लागले, तेव्हा ते काढून टाकले. उरलेल्या सहांत काम भागतं. एक ओळ अशी दिसते:

```
तारीख-वेळ : 12 ऑगस्ट, रात्री 8.10 ते 8.45
प्रश्न      : प्र.3 (फाईल satra1.txt)
मुद्दा      : 3, "छाटलेल्या विड्यांचं पुढे काय होतं?"
निर्णय     : घे
का         : आमच्या टिपणात हा प्रश्नच नव्हता
कुठे उतरला : प्रसंग 4 (16 ऑगस्टला भरलं)
```

शेवटचा रकाना त्याच रात्री भरता येत नाही, तो कथा लिहिताना भरायचा असतो. म्हणून त्याच्यापुढे भरल्याची तारीख वेगळी लिहितो. पान क्रमांक मात्र लिहू नये. कथा वाढली की पानं सरकतात आणि सगळ्या नोंदी चुकतात. प्रसंगाचा क्रमांक टिकतो.

‘निर्णय’ या रकान्यात चारच शब्द चालतात: घे, बदल, उलट, टाक. यांतला ‘उलट’ हा शब्द आम्हाला दुसऱ्या सत्रानंतर वाढवावा लागला. त्या सत्रात शेवटाचे दहा पर्याय मागितले होते. सहावा पर्याय असा होता की बाई छाटलेल्या विड्या ठेकेदारासमोर फेकून निघून जाते. वाचल्याबरोबर वाटलं, ही बाई असं करणारच नाही; ती त्या विड्या ओच्यात भरून घरी आणेल. कथेचा शेवट तोच झाला. आता हा मुद्दा ‘टाक’ म्हणायचा का? कागदावर तो नाकारलेलाच दिसतो. पण तो वाचला नसता तर आपला शेवट त्या क्षणी सुचला नसता. जनरेटरच्या सूचनेला विरोध करताना सुचलेली गोष्टही त्या सूचनेतूनच आलेली असते, आणि नोंदीत ती दिसली पाहिजे. असे ‘उलट’ मुद्दे लपवले तर वही स्वच्छ दिसते, खरी राहत नाही.

‘टाक’ला कारण लिहायचं की नाही, यावर आमच्यात दोन मतं होती. 67 मुद्द्यांपैकी 63 टाकले. प्रत्येकाला कारण लिहीत बसलं तर दोन दिवस जातील. शेवटी एवढं ठरवलं की जिथे जनरेटरची माहितीच चुकीची आहे तिथे कारण लिहायचं, बाकी ठिकाणी नुसतं ‘टाक’. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात पाच मुद्दे विड्यांचं एकूण वजन कमी भरल्याचे होते, जणू मजुरी वजनावर मिळते. ती हजार विड्यांच्या मोजणीवर मिळते. हे कारण वहीत लिहिल्यामुळे दोन गोष्टी साधतात. चूक कथेत शिरत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की विषयाची माहिती लिहिणाऱ्याकडे आधीपासून होती. याच यादीतला सातवा मुद्दा, पान नीट भिजलेलं नसलं की वळताना चिरतं, हा ‘घे’ झाला. तो आधी विड्या वळणाऱ्या एका मावशींना विचारून खरा करून घेतला आणि मगच कथेत नेला. विचारल्याची नोंद त्याच ओळीत आहे, मावशींचं नाव मात्र नाही.

ठेवलेल्या चारांतला चौथा मुद्दा ‘बदल’ होता. मोजणीच्या वेळी आणखी कोण हजर असेल या प्रश्नाच्या उत्तरात ‘ठेकेदाराचा शाळकरी मुलगा’ होता. कथेत त्याच्या जागी बाईचीच मुलगी उभी राहिली आणि मोजणीचे आकडे मनात धरू लागली.

सत्र आणि लेखन यांच्यात एक रात्र जाऊ द्यायची, हा आमचा नियम आहे. लिहिताना जनरेटर बंद, उत्तरांच्या फाईलीही बंद. टेबलावर फक्त वहीतले ‘घे’, ‘बदल’, ‘उलट’ एवढे मुद्दे, स्वतःच्या शब्दांत एकेका ओळीचे. हे केलं नाही तर काय होतं, ते एका मसुद्यात दिसलं. दुसरा प्रसंग सत्राच्याच रात्री लिहिला होता आणि त्यातला ठेकेदार एकदम पुणेरी वळणाचं मराठी बोलत होता. निपाणी-चिकोडीकडे कुणी तसं बोलत नाही. प्रसंग पुन्हा लिहिला, आधीचा मसुदा मात्र फोल्डरमध्ये ठेवला.

मसुदे ठेवणं हा नोंदवहीचा दुसरा पाय आहे. वही फक्त इतकंच दाखवते की आपण सांगितलेली सत्रं अशी झाली. न सांगितलेलं तिसरं सत्र झालंच नाही, हे ती दाखवू शकत नाही. ते काम थोड्याफार प्रमाणात मसुदे करतात: खोडलेलं वाक्य, अर्धवट सुटलेला प्रसंग, दोनदा बदललेलं नाव. गुगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर `File > Version history > See version history` इथे हा इतिहास आपोआप साठतो. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, दुसरीकडे लिहून इथे चिकटवलं तर इतिहासात अख्खा प्रसंग एका क्षणात अवतरलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याला पहिला संशय तिथेच येतो. वहीतून किंवा फोनवरच्या टिपणातून उतरवलं असेल तर त्या टिपणाचा फोटो आणि तारीख नोंदवून ठेवावी. दुसरी, `Make a copy` करून नव्या प्रतीत काम सुरू केलं तर जुना इतिहास नव्या प्रतीत येत नाही. शेवटची प्रत पाठवताना पाठवा, पण लेखन पहिल्याच फाईलमध्ये चालू ठेवा. प्रत्येक प्रसंग पूर्ण झाला की `Name current version` वापरून आम्ही त्याला नाव दिलं. साठवलेल्या आवृत्त्या कालांतराने एकत्र केल्या जाऊ शकतात, म्हणून नाव देऊन ठेवलेलं बरं.

एआय ओळखणाऱ्या साधनांचा आधार घ्यावा, असं कुणीतरी सुचवतंच. आम्ही घेतला नाही. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी 2023 मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. त्यांच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखला होता आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारला होता. इंग्रजीव्यतिरिक्त इतर भाषांत ते आणखी कमी पडतं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. सीमाभागातल्या मराठीवर अशा साधनाने दिलेला आकडा संपादकाला पाठवण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी एक साधी, तपासता येणारी गोष्ट केली: जनरेटरची सगळी उत्तरं एका फाईलमध्ये, कथा दुसऱ्या फाईलमध्ये, आणि दोन्हींत सलग चार शब्द सारखे कुठे येतात ते खालच्या छोट्या पायथन कोडने शोधलं. चारच का? मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे चार शब्दांत बराच मजकूर मावतो. तीनवर आणलं तर ‘त्या दिवशी संध्याकाळी’ अशा निरुपद्रवी जोड्यांचा ढीग येतो.

```python
import re, unicodedata
def jodya(f):
    t = open(f, encoding="utf-8").read()
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub(r"[.,!?;:'\"“”‘’()–—-]", " ", t).split()
    return {" ".join(s[i:i+4]) for i in range(len(s)-3)}
print("\n".join(jodya("uttare.txt") & jodya("katha.txt")))
```

यातली `replace` ची ओळ मराठीसाठीच आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्’ दोन पद्धतींनी टाईप होतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. ही ओळ नसेल तर खरी जुळणी निसटते. शब्द वेगळे करायला `\w` वापरू नये, कारण पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये काना-मात्रा त्यात धरल्या जात नाहीत आणि शब्दांचे तुकडे पडतात. आणि या तपासाची हद्दही ओळखून असावं. शब्द बदलून उचललेलं वाक्य यात सापडत नाही, उचललेली कल्पना तर नाहीच. त्यासाठी वहीच लागते.

कथा पूर्ण झाल्यावर हे चालवलं तेव्हा दोन ओळी आल्या. पहिली, ‘पानं तंबाखू आणि दोरा’. हे शब्द आमच्या पहिल्या हस्तलिखित टिपणात, सत्राच्या आधीपासून आहेत. फोटो आहे, मेलची तारीख आहे. त्यामुळे तिथे काही बदललं नाही, फक्त वहीत तसं लिहिलं. अशा वेळी ते आधीचं टिपण किती उपयोगी पडतं, ते कळतं.

दुसरी ओळ होती ‘हिशेबाच्या वहीत तिचं नाव’. ती शेवटाच्या पर्यायांपैकी चौथ्या मुद्द्यातली, आणि त्या मुद्द्यापुढे आमच्याच हाताने ‘टाक’ लिहिलेलं. कथेच्या पाचव्या प्रसंगात ते चार शब्द कुणाच्या ध्यानात न येता येऊन बसले होते. एक रात्र मध्ये जाऊ देऊन, फाईली बंद ठेवूनही.

ते वाक्य काढलं आणि मुलगी पेन्सिलीचं टोक ओलं करून विड्यांचे आकडे लिहिते, असं नवं लिहिलं. हिशेबाच्या वहीचं पान तिथे असण्याची कल्पना मात्र कथेत राहिलीच, म्हणून तो मुद्दा ‘टाक’ राहू शकत नव्हता. जुनी नोंद खोडली नाही. खाली नवी ओळ लिहिली: ‘प्र.4, मुद्दा 4: 12 ऑगस्टनंतरच्या सत्रात “टाक” लिहिलं होतं. 30 ऑगस्टच्या तपासात शब्द सापडले. शब्द काढले, कल्पना राहिली. आता “बदल”.’

संपादकांना पाठवायचं निवेदन त्याआधीच तयार होतं. त्यातला आकडा बदलून ते असं गेलं:

“या कथेच्या पूर्वतयारीत एआय जनरेटर दोन सत्रांत, पाच प्रश्नांपुरता, फक्त मुद्दे सुचवून घेण्यासाठी वापरला. सुचवलेल्या 67 मुद्द्यांपैकी पाच कथेत घेतले, बदलून वापरले किंवा उलटवून वापरले. त्यांची यादी प्रसंगांसह सोबत आहे. कथेत जनरेटरने लिहिलेलं वाक्य, संवाद किंवा परिच्छेद नाही. एका मुद्द्यातले चार शब्द नकळत आले होते, ते 30 ऑगस्टला काढले. शुद्धलेखन आणि भाषांतर त्याच्याकडून करून घेतलेलं नाही. उत्तरांच्या पूर्ण प्रती, पहिलं टिपण आणि मसुदे मागितल्यास पाठवू.”